शिट्टी रोज वाजते म्हणून कुकर चांगला आहे असं नाही: बेळगाव भागातलं एक रिकॉल प्रकरण

रिकॉल म्हणजे विकलेला धोकादायक माल गिऱ्हाइकांकडून परत मागवणं, आणि हे प्रकरण पाच लिटरच्या ॲल्युमिनियम कुकरचं आहे, झाकण बाहेरून बसतं तो प्रकार. बनवणारी कंपनी छोटी, होलसेलर बेळगावचा, आणि माल गेला शहापूर, वडगाव, खानापूर, निपाणी असा सगळीकडं, शिवाय हद्दीपलीकडं चंदगड-गडहिंग्लजला पण, कारण भांडी घ्यायला बेळगावला यायची सवय तिकडच्या लोकांची जुनीच आहे. मी भांड्यांच्या लाइनमध्येच असल्यामुळं नोटीस लिहिणं, वाटणं आणि पैसे परत देणं या तिन्ही कामात होतो. कंपनीचं, दुकानांचं नाव घेत नाही, त्याची इथे गरज पण नाही.

सुरुवात झाली खानापूर बाजूच्या एका गावात. तूरडाळ लावलेली, डाळीचं साल वाफेच्या भोकात जाऊन अडकलं, शिट्टी झालीच नाही, आणि थोड्या वेळानं झाकणाच्या कडेच्या फटीतून रबर बाहेर फेकला गेला आणि त्याच्यामागून सगळी गरम डाळ. घरातल्या वैनी त्यावेळी परसात होत्या म्हणून वाचल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलानं झाकण दुकानात आणून दिलं, भांडायला नाही, नवीन रबर घ्यायला! दुकानदार अनुभवी होता, त्यानं झाकण उलटं करून बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं की सेफ्टी व्हॉल्व्ह जशाचा तसा आहे. खरं तर रबर सुटायच्या आधी तो उडायला पाहिजे होता.

आता हे दोन भाग वेगळे आहेत, आणि पुढचं सगळं प्रकरण यावरच उभं आहे. शिट्टी म्हणजे ते वजन, आत प्रेशर साधारण एक किलोपर्यंत चढलं की ते उचललं जातं आणि वाफ सोडतं. त्या प्रेशरला आतलं पाणी १०० नाही तर १२० डिग्रीच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ पटकन शिजते. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र रोज काहीच करत नाही. त्यात एक मऊ धातूचा गोळा असतो, भोक तुंबून किंवा पाणी आटून आतलं तापमान हद्दीबाहेर गेलं की तो वितळतो आणि वाफेला वाट मिळते, घरातल्या फ्यूजसारखं. या कुकरांमध्ये व्हॉल्व्हची एक लॉट अशी आली होती की तिच्यातला धातूच चुकीच्या मिश्रणाचा होता. कंपनीनं त्याच लॉटमधले व्हॉल्व्ह टेस्टिंगला लावले तर काही वेळेवर वितळले, काही वितळलेच नाहीत. बघून किंवा हातात घेऊन यातला कुठला चांगला आणि कुठला वाईट हे मला सांगता येत नाही, दुकानदाराला नाही, आणि गिऱ्हाइकाला तर मुळीच नाही.

म्हणूनच नोटीस अवघड झाली. बेळगावच्या एका काकूंना आम्ही फोन केला तर त्या म्हणाल्या, "कुकर तर झकास चालालाय की ओ, रोज तीन शिट्ट्या होत्यात, परत कशाला देऊ?" त्यांचं काही चुकत नव्हतं, सहा-आठ महिने रोज चालणारी वस्तू खराब आहे असं कोण मानेल. पण शिट्टी होणं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह चांगला असणं याचा काही संबंधच नाही, आणि हे एक वाक्य लोकांच्या डोक्यात शिरलं नाही तर बाकी सगळी नोटीस वाया.

कंपनीकडून पहिला मसुदा आला तो असा होता:

"सर्व सन्माननीय ग्राहकांस सूचित करण्यात येते की, गुणवत्तेबाबतच्या आमच्या बांधिलकीस अनुसरून, निवडक उत्पादनांच्या सुरक्षा घटकामध्ये आढळलेल्या किरकोळ तांत्रिक विचलनामुळे, केवळ खबरदारीचा उपाय म्हणून कंपनी स्वेच्छेने सदर उत्पादने तपासणीसाठी मागवत आहे. ग्राहकांनी घाबरून जाऊ नये. मूळ बिलासह अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधावा."

यात कुकर हा शब्दच नाही. वापरू नका असं कुठंच म्हटलेलं नाही. पैसे मिळणार का तेही नाही. आणि "किरकोळ", "केवळ खबरदारी", "स्वेच्छेने", "घाबरू नये" या चार शब्दांनी वाचणाऱ्याला एकच गोष्ट कळते, की विशेष काही नाही, सवडीनं बघू. युरोपात १३ डिसेंबर २०२४ पासून जो नवा प्रॉडक्ट सेफ्टी कायदा लागू झाला त्यात रिकॉलच्या नोटिशीत धोका हलका वाटेल असे शब्द वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय, स्वेच्छेने, खबरदारी म्हणून, क्वचित प्रसंगी, अजून एकही अपघात झालेला नाही, ही सगळी उदाहरणं त्यात नाव घेऊन दिलीत. तो कायदा आपल्याला लागू नाही, पण ती यादी मी कंपनीवाल्यांपुढं ठेवली, कारण त्यांचा मसुदा म्हणजे जवळजवळ तीच यादी होती.

कंपनीची भीती अशी की "फुटू शकतो" असं लिहिलं तर ब्रँड संपला. यावर बराच वाद झाला. त्यांना दुसरी बाजू पण दाखवावी लागली. घरगुती प्रेशर कुकरला १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, आयएस २३४७ या मानकाप्रमाणे, आणि मार्क असलेला माल निकषात बसत नसेल तर तो बाजारातून परत मागवायला लावायचा अधिकार बीआयएसला, म्हणजे तो मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेला आहे. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २० खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला लावू शकतं. २०२२ साली एका मोठ्या ऑनलाइन कंपनीला मानकात न बसणारे २,२६५ कुकर विकले म्हणून असाच आदेश झाला, सगळ्या गिऱ्हाइकांना कळवा, माल परत घ्या, पैसे द्या, वर एक लाख दंड. तेव्हा आदेश यायच्या आधी स्वतः स्पष्ट बोललेलं बरं, हे मालकाला पटलं. त्यानं बीआयएसला लेखी कळवलं, शिल्लक मालाची विक्री थांबवली, आणि मग नोटीस नव्यानं लिहिली.

शेवटी जी गेली ती ही (कंपनीचं नाव, मॉडेल आणि फोन नंबर इथे गाळलेत):

"हा कुकर आजपासून वापरू नका. पैसे परत मिळतील.
कुठला कुकर: ५ लिटर, ॲल्युमिनियम, बाहेरून बसणारं झाकण. बुडावर शिक्का बघा. बी ०५, बी ०६, बी ०७ किंवा बी ०८ असेल तर हाच तो. शिक्का पुसला असेल, दिसत नसेल, तरी हाच तो समजा.
काय धोका: वाफेचं भोक तुंबलं तर सेफ्टी व्हॉल्व्ह उडत नाही. झाकण उडून किंवा गरम अन्न अंगावर येऊन माणूस भाजू शकतो. असं एका घरात झालंय.
शिट्टी रोज नीट होत असली तरी धोका आहे. शिट्टी वेगळी, सेफ्टी व्हॉल्व्ह वेगळा. घरी तपासून बघू नका. नुसता व्हॉल्व्ह बदलून वापरू नका.
आज काय करायचं: शिट्टी काढून ठेवा. झाकण पिशवीत बांधून बाजूला ठेवा. खालचं भांडं साध्या ताटलीनं झाकून वापरलं तर चालेल.
पैसे: भांडं आणि झाकण दुकानात आणा. बिल नको, डबा नको. १,४५० रुपये लगेच मिळतील, किंवा तेवढ्याच किमतीचा दुसरा कुकर. काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा."

खाली फोन नंबर, नोटिशीची तारीख, आणि तेच सगळं कन्नडमध्ये, पहिलीच ओळ मोठ्या अक्षरात "ई कुकर बळसबेडी". एका बाजूला मराठी, पाठीमागं कन्नड असा कागद आम्ही मुद्दाम केला नाही, दोन्ही एकाच बाजूला शेजारी शेजारी, कारण भिंतीवर चिकटवला की पाठची बाजू गेली.

"घरी तपासून बघू नका" ही ओळ मसुद्यात नव्हती, ती दुकानदारांशी बोलताना आली. एका मुलानं सरळ विचारलं होतं, भोकात काडी घालून कुकर लावला तर व्हॉल्व्ह उडतो का ते कळेल ना? कळेल, पण स्वयंपाकघरात कळून उपयोग काय. तेव्हापासून ती ओळ ठळक केली.

झाकण बांधून ठेवा आणि भांडं वापरा, ही सूचना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नुसतं "वापरू नका" म्हटलं तर ज्या घरात एकच कुकर आहे तिथं संध्याकाळी डाळ कशात शिजवायची हा प्रश्न उरतोच आणि बाई म्हणणार, आजच्या दिवस लावते, उद्या देऊन टाकते. धोका झाकणात आहे, खालच्या भांड्यात नाही. डाळ दुपारी भिजत घालून उघड्या भांड्यात शिजवली तर वेळ जास्त लागतो, गॅस जास्त जातो, पण स्वयंपाक होतो. लोकांना दुसरी वाट दिली की ते ऐकतात.

दुसरी एक सूचना कागदावर मावली नाही म्हणून फोनवर बसलेल्या मुलींना शिकवली. कोणी म्हणालं की कुकर आत्ता गॅसवर आहे आणि शिट्टी होईना झालीय, तर काय सांगायचं? गॅस बंद करा, जमलं तर सिलिंडरजवळून रेग्युलेटरच बंद करा, आणि स्वयंपाकघरातून बाहेर या. चमच्यानं शिट्टी उचलू नका, कुकर उचलून नळाखाली नेऊ नका. आपली सवय अशी की शिट्टी जरा उचलायची, फुस्स आवाज आला नाही म्हणजे वाफ संपली, उघडा झाकण. इथं नेमकं तेच घातक आहे, भोक तुंबलेलं असेल तर आत पूर्ण प्रेशर असूनही आवाज येणार नाही! आणि बाहेरून बसणारं झाकण जोर लावला की फिरतं, आत प्रेशर असताना पण. म्हणून आवाजावर जायचं नाही, कुकरचं अंग हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, अर्धा-पाऊण तास गेला तरी चालेल. भाजलंच कोणी तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचं, बर्फ, हळद, टूथपेस्ट काही नाही, आणि १०८.

मग प्रश्न लोकांना शोधायचा. ऑनलाइन विकणाऱ्यांकडं प्रत्येकाचा पत्ता असतो, आपल्याकडं भांड्याच्या दुकानात कच्चं बिल, त्यावर नाव नाही, असलं तर "वडगाव पार्टी" एवढंच. बऱ्याच दुकानांची भांड्यांची भिशी चालते, दर महिन्याला पैसे भरायचे आणि शेवटी भांडी घ्यायची, त्या भिशीच्या वहीत मात्र नाव, गाव, मोबाइल सगळं लिहिलेलं असतं. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त माणसं त्या वह्यांतून मिळाली. स्त्रीशक्ती संघांच्या बायकांनी एकगठ्ठा खरेदी केलेली, तिथं एका अध्यक्षीण बाईंना समजावलं की पंधरा-वीस घरं झाली.

आहेराचे कुकर मात्र हाताला लागेनात. घेणारा एक, वापरणारा भलताच. उचगावच्या मामांनी भाचीच्या लग्नात दिला, भाची राहते चंदगडला, मामांच्या डोक्यातून तो कुकर कधीच गेलेला. म्हणून फोनवर "तुमच्याकडं कुकर आहे का" असं विचारणं बंद केलं आणि "तुम्ही कोणाला दिलाय का, लग्नात, वास्तूला?" असं विचारायला लावलं, लगेच आठवायला लागलं लोकांना. आणि गॅस सिलिंडर पोचवणारी पोरं, त्यांच्याकडं नोटिशीची छोटी चिठ्ठी दिली, सिलिंडर जिथं जातो तिथंच कुकर असतो. डेअरीच्या दूध संकलनावर पण चिठ्ठ्या लावल्या. पेपरात जाहिरात दिली, खरं त्यातून आलेले फोन कमीच.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तर वयस्कर बायका वाचत नाहीत असं दिसलं, मग वडगावच्याच एका ताईंच्या आवाजात एक मिनिटाचा ऑडिओ केला, एक मराठी आणि एक कन्नड. तो वेगानं फिरला. पण फिरणाऱ्या मेसेजला शेपूट फुटते, कुणीतरी "सगळ्या कंपन्यांचे कुकर" असं पुढं जोडलं. त्यामुळं दुसऱ्या ऑडिओत पहिल्याच वाक्यात कंपनी आणि शिक्का सांगितला.

पैशाच्या बाबतीत दोन निर्णय बरे झाले. एक, सगळ्यांना सारखी रक्कम. कुणी १,२५० ला घेतला होता, कुणी घासाघीस न करता १,४५० ला, बिल कुणाकडंच नाही, तर वाद घालण्यापेक्षा जास्तीत जास्त जी किंमत लावली गेली तीच सगळ्यांना. दुसरं, दुकानदाराला पैसे आधी पोचते केले. सुरुवातीला ठरलं होतं की दुकानदारानं गल्ल्यातून द्यायचे आणि कंपनी महिन्याअखेर क्रेडिट नोट देणार, तर पहिल्याच आठवड्यात दुकानदार गिऱ्हाइकाला "पैसे नंतर, आत्ता दुसरा कुकर घेऊन जा" असं म्हणायला लागले. त्यांचा पण दोष नाही, त्यांचं भांडवल अडकत होतं. होलसेलरनं प्रत्येक दुकानात आगाऊ रक्कम ठेवली आणि वहीत फक्त नाव, गाव, शिक्का, रक्कम, सही किंवा अंगठा एवढं लिहायचं ठरवलं, तेव्हा काऊंटरवर पैसे मिळायला लागले. लांबून एसटीनं येणाऱ्याला भाडं वेगळं दिलं, ते नसतं दिलं तर चंदगडकडचे लोक आलेच नसते.

यात फसवणूक करणारे पण शिरले. कुणीतरी फोन करून सांगत होता, कुकरचे पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. पैसे घ्यायला कधीच यूपीआय पिन लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे तुमचे गेले. निपाणीहून अशी तक्रार आली त्याच दिवशी नोटिशीत ओळ वाढवली: "पैसे फक्त दुकानात, समोरासमोर मिळतील. आम्ही पिन, ओटीपी, लिंक काही मागत नाही. दुकानदार पैसे द्यायला नाही म्हणाला तर आमच्या नंबरवर किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा." ही ओळ पहिल्या दिवसापासून असायला पाहिजे, पैसे परत मिळणार अशी बातमी फुटली की असले फोन येणारच.

सगळ्यात नीट सुटला नाही तो भाग सुट्या व्हॉल्व्हचा. त्याच लॉटमधले व्हॉल्व्ह स्पेअर म्हणून पण विकले गेले होते, पाकिटात घालून, शिक्का-बिक्का काही नाही, आणि आठवडी बाजारात बसणाऱ्या कुकर-स्टो रिपेअरवाल्यांनी ते कुठल्या कुठल्या कुकरला बसवलेत याचा पत्ता नाही. नुसता व्हॉल्व्ह बदलून देऊ हा कंपनीचा पहिला विचार याच कारणानं सोडावा लागला, बदललेला व्हॉल्व्ह चांगल्या लॉटचा आहे याची खात्री दुकानात देता येत नव्हती. स्पेअरसाठी वेगळी चिठ्ठी काढली, गेल्या वर्षभरात सेफ्टी व्हॉल्व्ह बदलून घेतला असेल तर कुकर घेऊन या, जुना काढून फुकट नवीन बसवून देऊ, कंपनी कुठलीही असो. रिपेअरवाल्यांकडचे शिल्लक व्हॉल्व्ह चांगले-वाईट न बघता सगळे विकत घेतले. एक अण्णा म्हणाले, "आधी सांगितला असतासा तर मी लावलोच नसतो," आणि त्यांनी आठवतील तेवढ्या घरी स्वतः जाऊन निरोप दिला. पण त्यांना आठवली नाहीत ती घरं राहिलीच.

परत आलेली झाकणं तशीच भंगारात घालायची नाहीत. ॲल्युमिनियमचं भंगार घेणारे चांगलं दिसणारं झाकण वेगळं काढतात आणि ते सेकंडहँड म्हणून परत बाजारात येतं. त्यामुळं गिऱ्हाइकाच्या समोरच व्हॉल्व्ह काढून त्याच भोकाला मोठं ड्रिल मारायचं आणि शिट्टीची नळी कापायची, मगच वहीत सही घ्यायची असं ठरलं. व्हॉल्व्ह मोजून सीलबंद पिशवीत कंपनीला परत. दुकानात विकलेला आकडा आणि परत आलेला आकडा दर आठवड्याला ताडून बघतो, आणि ज्या गावातून कमी आलेत तिथल्या डेअरीवर आणि गॅसवाल्यांकडं नवीन तारखेची चिठ्ठी परत जाते, कारण जुन्या तारखेचा कागद बघितला की लोकांना वाटतं मुदत संपली. मुदत ठेवलेलीच नाही, आणि नवीन चिठ्ठीत ते पण लिहिलंय: कधीही आणा, पैसे मिळतील.